वीस सेकंदांचा भोंगा

तालुक्याच्या गावात नवं दुकान उघडणार असलं की चार दिवस आधीपासून एक रिक्षा फिरू लागते. टपावर दोन भोंगे, एक पुढे तोंड केलेला आणि एक मागे. बाजूला फ्लेक्स, आत चालकाच्या पायाशी बॅटरी आणि अॅम्प्लिफायर, अॅम्प्लिफायरच्या खाचेत पेन ड्राइव्ह. त्या पेन ड्राइव्हमध्ये जे वाजतं ते लिहिण्याचं काम मी करतो. धंदा मोठा नाही, आणि कुणी त्याला साहित्यही म्हणत नाही. पण यातले बरेचसे भोंगे गावभर वाजूनही लोकांना दुकानाचं नाव का कळत नाही, एवढं मला आता नीट कळतं. ते सांगायला हा लेख.

आपल्याकडे जाहिरातीची जिंगल म्हटलं की रेडिओ आठवतो. विविध भारतीवर 1967 पासून जाहिराती सुरू झाल्या आणि साबण, दंतमंजन, पापड यांची गाणी घराघरांत पाठ झाली. नवा दुकानदार येतो तो हेच मनात धरून: ‘तसंच काहीतरी करा की, लोकांच्या तोंडात बसेल असं.’ पण रेडिओची जिंगल एका जागी बसलेल्या माणसाला रोज तीनदा ऐकवतात, वर्षानुवर्षं. आपल्या भोंग्याला मिळतात चार दिवस. आणि ऐकणारी बाई नळावर कळशी भरत असते, तिच्यासमोरून रिक्षा निघून जाते. आपलं नातं रेडिओपेक्षा दवंडीशी जवळचं आहे. दवंडीवाला आधी हलगी वाजवायचा, मग ‘ऐका हो ऐका’, मग एकच बातमी, आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच. हलगी वाजेपर्यंत लोक दारात येत आणि तोवर तो महत्त्वाचं काही बोलत नसे. एवढी समज त्या धंद्यात होती.

आधी हिशेब मांडू, कारण सगळं त्यावरच ठरतं. रिक्षा ताशी 10 किलोमीटरने चालली, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या दुप्पट वेगाने, तर सेकंदाला पावणेतीन मीटर सरकते. बाजारपेठेच्या गोंगाटात भोंग्यातले शब्द साधारण 40 मीटरपर्यंत समजतात असं धरा. आवाज त्याच्या पुढेही जातो, पण तो नुसता आवाज. शब्द उरत नाहीत. म्हणजे रिक्षा 40 मीटरवर असल्यापासून ती पुढे 40 मीटर जाईपर्यंत, एकूण 80 मीटर, ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतात. पावणेतीनने भागा: 29 सेकंद. चालकाने घाईने ताशी 20 चा वेग धरला तर उरतात 14.

आता दुकानदार घेऊन येतो तो मजकूर पाहा. आजोबांच्या कृपेने, अमुक साहेबांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या अध्यक्षतेखाली, निमंत्रक म्हणून पाच भाऊ आणि दोन जावई, आणि शेवटी दुकान कुठे आहे ते. वाचायला दीड मिनिट लागतं. म्हणजे नळावरच्या बाईला यातलं जेमतेम एक तृतीयांश ऐकू येणार, आणि तेही कुठलं तरी. बहुतेक वेळा जावई. मी सांगतो की हे सगळं पत्रिकेत छापा, तिथे ते शोभतं. भोंग्याला वीस सेकंद द्या. वीस सेकंदांची फेरी असली की 29 सेकंदांत ती एकदा पूर्ण आणि वर जवळजवळ अर्धी ऐकू येते.

दुसरी गोष्ट भोंग्याची. रिक्षावरचा भोंगा हे गाणं ऐकायचं यंत्र नाही. तो बोलणं लांब फेकण्यासाठी केलेला असतो, आणि त्यासाठी आवाजाचा मधला पट्टाच तेवढा उचलतो. अंदाजे 300 हर्ट्‌झच्या खालचं त्यातून फारसं बाहेर पडत नाही आणि वरचं टोकही चार-पाच हजाराच्या पुढे गळतं. जुन्या टेलिफोनवर आवाज जसा चपटा यायचा, तसाच काहीसा. त्यामुळे स्टुडिओत हेडफोन लावून ऐकलेलं भरदार संगीत रस्त्यावर येईपर्यंत निम्मं नाहीसं होतं. तबल्याचा डग्गा जातो, ढोलकीच्या धुमेचा घुमारा जातो, कीबोर्डवरचा बेस तर पहिल्याच कोपऱ्यावर जातो. टिकतं काय? हलगी टिकते, तुणतुणं टिकतं, टाळ आणि घुंगरू टिकतात, ढोलकीची शाईकडची चाट टिकते. तमाशाच्या फडात हीच वाद्यं का असतील याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. भोंग्याने करायला लावला.

माणसाच्या आवाजाचंही तेच. निवेदन करणाऱ्यांना खर्जातला, घोगरा, सिनेमाच्या ट्रेलरसारखा आवाज काढायची हौस असते. त्या आवाजाचा सगळा दिमाख खालच्या सुरांत असतो आणि ते सूर भोंगा गिळतो. बाईचा किंवा थोडा चढ्या पट्टीतला पुरुषाचा आवाज रस्त्यावर जास्त स्वच्छ पोचतो.

आणि अक्षरं. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतली सळसळ वरच्या टोकाला असते, ती विरते. ‘त’ आणि ‘ठ’ यांतला फरक एका बारीक फटक्याचा, तोही रस्त्याच्या आवाजात बुडतो. एका दुकानाच्या जाहिरातीत मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, ‘साठ रुपयांना स्टीलचं ताट’. उद्घाटनाच्या दिवशी एक आजी दहाची नोट घेऊन आल्या आणि ताट व वर दोन रुपये परत मागू लागल्या. मालक म्हणाला, ‘आजी, साठ!’ आजी म्हणाल्या, ‘तेच म्हणते मी, आठ!’ दोघांचीही चूक नव्हती, चूक माझी. तेव्हापासून भोंग्यात किंमत घालत नाही. घालायचीच झाली तर ‘पन्नास’ किंवा ‘शंभर’ अशी, जिचा कान-चुकीचा भाऊ नाही. तारखेचाही तोच घोळ: एकोणीस की एकोणतीस हे ऐकून कुणाला नक्की सांगता येत नाही. म्हणून तारीख सोडून वार सांगायचा.

स्वरांत ‘आ’ आणि ‘ओ’ उघड्या तोंडाने येतात आणि भोंग्याच्या पट्ट्यात बरोबर बसतात. ‘ऊ’ मिटलेल्या ओठांचा, तो खालीच राहतो. त्यामुळे लांबवायचा सूर ‘आ’वर आला पाहिजे, आणि ओळीचं यमक शक्यतो ‘आ’कारान्त किंवा ‘आत’, ‘आय’ असं. गाणं लिहिताना कल्पना सुचण्याआधी मी हे ठरवून टाकतो.

आता एक जिंगल बांधून दाखवतो. समजा, भांड्यांचं दुकान आहे. एस.टी. स्टँडसमोर, जुन्या पोस्टाशेजारी, रविवारी सकाळी दहाला उघडणार. मालकाला नाव ठेवायचं आहे ‘श्री समृद्धी स्टील सेंटर’. मोजा, किती ‘श’ आणि ‘स’ आहेत ते; भोंग्यातून हे नाव ‘... री ...म्रुद्धी ...टील ...ेंटर’ असं येईल. फ्लेक्स अजून छापला नसेल तर नाव बदलायला सांगायची हीच वेळ. ‘अन्नपूर्णा’ सुचवलं. लग्नात मुलीला आई बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा देते, त्यामुळे भांड्यांशी आणि स्वयंपाकघराशी ते नाव आधीच जोडलेलं. शिवाय सुरुवात ‘अ’ने, शेवट ‘आ’वर, मधे एकही सळसळतं अक्षर नाही. पूर्ण नाव ‘अन्नपूर्णा भांडी भांडार’. पाटीवर पूर्ण लावा, गाण्यात फक्त अन्नपूर्णा.

मग दवंडीवाल्याची हलगी हवी. भांड्यांच्या दुकानाला हलगी बाहेरून आणायची गरजच नाही. स्टीलचं ताट उलटं धरून त्यावर चमचा मारला की जो टणत्कार निघतो तो भोंग्याच्या पट्ट्यातच बसतो. तो रेकॉर्ड केला: एक ठोका, थोडं थांबून तीन. टण्... टणाटण्. हीच या दुकानाची हलगी. ती तोंडाने म्हणता येते, म्हणून तीच पहिल्या ओळीत घेतली:

टण् टणाटण् — वाजलं काय?
अन्नपूर्णा! आणखी काय?
ताट नि वाटी, तवा, परात —
अन्नपूर्णा आली घरात!

केहरव्यात बसवली आहे, म्हणजे आठ मात्रांचं एक आवर्तन. प्रत्येक ओळीत आवर्तनं दोन. हातावर टाळी देत म्हणा: ओळीला चार टाळ्या पडतात, चार ओळींना सोळा. मिनिटाला 96 टाळ्यांची लय धरली तर सोळा टाळ्यांना बरोबर दहा सेकंद लागतात. ‘अन्नपूर्णा’च्या मात्रा सात होतात, आठवी रिकामी. ही रिकामी मात्रा मी मुद्दाम ठेवली, कारण नावानंतर श्वासभर शांतता असली की ते नाव कानात वेगळं उभं राहतं. ‘परात’ आणि ‘घरात’ हे यमक सहज आलं. शेवटच्या ओळीत दुकानाचं नावही आहे आणि देवघरातली अन्नपूर्णाही, तेवढा श्लेष पुरे. ऐकणारा श्लेष सोडवत बसणार नाही, पण बाईला ओळ आवडते ती त्यामुळेच.

गाण्यात पत्ता घातलेला नाही, हे लक्षात आलं असेल. पत्ता चालीत बसवायला गेलं की ‘स्टँडसमोर’ची ओढाताण होते आणि ना गाणं राहत ना पत्ता. तो बोलून सांगायचा:

‘अन्नपूर्णा भांडी भांडार! एस.टी. स्टँडसमोर, जुन्या पोस्टाशेजारी. येत्या रविवारी उघडतंय, सकाळी दहाला. रविवारी या! अन्नपूर्णा!’

सावकाश बोलून याला नऊ सेकंद लागतात, वर एक सेकंद शांतता. झाले वीस. आता एक तपासणी. ऐकणाऱ्याच्या कानावर ही फेरी कुठून सुरू होईल ते आपल्या हातात नाही. तो मधेच दारात येणार. म्हणून पट्टीसारखी फेरी आडवी मांडायची आणि नाव कुठे कुठे पडतं ते पाहायचं. इथे नाव अडीच सेकंदांवर, साडेसातवर, दहाव्याला आणि अठराव्याच्या सुमारास येतं. सगळ्यात मोठं अंतर आठ सेकंदांचं. म्हणजे या फेरीतले कुठलेही दहा सेकंद कापून घ्या, त्यात अन्नपूर्णा असणारच. घाईतल्या रिक्षाच्या 14 सेकंदांतही नाव सुटत नाही. पत्ता मात्र सुटू शकतो, म्हणून चालकाला वेगाचं सांगावंच लागतं.

‘शुभारंभ’ हा शब्द गेला, म्हणून मालक थोडा खट्टू होतो. ‘उद्घाटन’ तरी घाला म्हणतो. ‘उद्घाटन’मधलं जोडाक्षर भोंग्यात ‘उग्गाटन’ होतं, आणि शुभारंभाचा ‘रंभ’ तेवढा उरतो. ‘उघडतंय’ साधा, खणखणीत, आणि घरात बोलतात तसा. पत्रिकेत शुभारंभ, भोंग्यात उघडतंय, अशी वाटणी केली की बहुतेक मालक ऐकतात.

रेकॉर्डिंग करणाऱ्याला एकच गोष्ट निक्षून सांगायची: इको नको. आपल्याकडे जाहिरातीला इको लावणं म्हणजे भाजीला फोडणी देण्यासारखं झालं आहे. ‘शुभारंभ... रंभ... रंभ...’ बंद खोलीत ते भारदस्त वाटतं. पण गल्लीत समोरासमोर भिंती असतात, त्या आपला प्रतिध्वनी फुकट देतात. शिवाय टपावरच्या दोन भोंग्यांचा आवाज वेगवेगळ्या भिंतींवर आपटून पुढेमागे परत येतो. त्यावर रेकॉर्डिंगमधला इको चढला की शब्दावर शब्द बसतात आणि गावाला फक्त गदारोळ ऐकू येतो. आवाज कोरडा ठेवायचा. मागचं संगीत बोलण्याच्या वेळी पूर्ण बंद. हळू नाही, बंद.

रस्त्यावर जाण्याआधीची परीक्षा घरीच होते. फाईल मोबाइलवर लावायची, मोबाइल तांब्यात ठेवायचा, तांब्या स्वयंपाकघरात आणि तिथे मिक्सर चालू. मग ज्याने हे गाणं आजवर ऐकलेलं नाही अशा माणसाला बाहेरच्या खोलीत बसवून एकदाच ऐकवायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या: नाव काय, कुठे, कधी. तिन्ही बरोबर आल्या तर पास. ज्याने दोन-तीनदा ऐकलं आहे त्याची साक्ष धरायची नाही. एकदा शब्द माहीत झाले की कान ते भरून घेतो. मालकाची तर मुळीच नाही. त्याला नाव माहीत असतं, पत्ता माहीत असतं, त्याला सगळं स्पष्टच ऐकू येतं.

चालीबद्दल वाद नेहमी होतो. मालकाच्या पुतण्याला सध्या गाजणाऱ्या सिनेमातल्या गाण्याची चाल हवी असते, ‘फक्त शब्द बदलू’ म्हणतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याखाली शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. शब्द बदलले तरी चाल संगीतकाराचीच राहते. त्याच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं. गावातल्या रिक्षाच्या मागे कोण येणार, असं सगळे म्हणतात. पण दुसरी अडचण कायद्याहून जवळची आहे: ओळखीची चाल लागली की लोकांच्या मनात मूळ गाणं सुरू होतं, आणि आपले शब्द त्याखाली जातात. ओवी, भोंडल्याची गाणी, गोंधळाचा ठेका हे कुणा एकाचं नाही आणि सगळ्यांच्या अंगात आहे. तिथून उचलावं.

आता कायद्याचं दुसरं अंग, कारण त्यात अडकलं तर चार दिवसांतले दोन वाया जातात. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. लेखी परवानगीशिवाय लाऊडस्पीकर लावता येत नाही. त्यासाठी आधी पोलीस ठाण्यात विचारावं. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर बंदी. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, तिथे वाजवायचं नाही. चालकाला हे तोंडी सांगून उपयोग नाही. कागदावर रस्ता काढून द्यायचा आणि ‘इथे बंद, इथे चालू’ अशा खुणा करायच्या. आवाजाची चकती त्याने पूर्ण फिरवू नये हेही त्याच कागदावर. पूर्ण फिरवली की अॅम्प्लिफायर ताणाखाली येतो, अक्षरांच्या कडा फाटतात, आवाज मोठा वाटतो आणि कळतं मात्र कमी. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. ते अंतर चकतीने भरून निघत नाही, दुसऱ्या गल्लीतून रिक्षा नेल्यानेच निघतं.

शेवटी पेन ड्राइव्ह. ‘येत्या रविवारी’ हे शब्द बुधवार ते शुक्रवार चालतात. शनिवारी ‘उद्या’ म्हणायला हवं आणि रविवारी ‘आज’. म्हणून गाणं तेच ठेवून बोलण्याचे तीन तुकडे एकाच बैठकीत रेकॉर्ड करून घ्यायचे. पहिल्यांदा असं केलं तेव्हा शहाणपणा करून तिन्ही फाईली एकाच पेन ड्राइव्हवर दिल्या. यंत्र एक संपली की दुसरी लावतं, हे डोक्यात आलं नाही. गुरुवारी दुपारी ‘आज उघडलंय, या!’ असं गावभर वाजलं आणि पंधरा-वीस बाया दुकानासमोर जमल्या. शटर अर्धं वर, आत शिडीवर रंगारी. मालकाने चहा पाजून सगळ्यांना परत पाठवलं, मला मात्र चहा दिला नाही. आता तीन स्वस्तातले पेन ड्राइव्ह घेतो, प्रत्येकावर एकच फाईल, आणि वर पांढरी चिकटपट्टी लावून पेनने वार लिहितो.

रविवारी संध्याकाळी रिक्षा थांबवायची आणि तिन्ही पेन ड्राइव्ह परत मागून घ्यायचे. दिवाळीत, लग्नसराईत मालक पुन्हा येतो आणि म्हणतो, नवीन काहीतरी करा. बोलण्याचा भाग नवीन करून द्यावा. टण् टणाटण् आणि चाल तीच ठेवावी.